चॉकलेट स्पंजवर पांढरं क्रीम: कडा सरळ येत नाहीत आणि चुरा वर येतो

मृण्मयी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी घरून केक करते, ऑर्डरी बहुतेक आमच्या सोसायटीतल्या आणि मुलांच्या शाळेतल्या ओळखीच्या. चव आणि स्पंज याबद्दल तक्रार नाही. अडतं ते फिनिशिंगला.

हल्ली सगळ्यांना उंच केक हवे असतात, म्हणून ६ इंची टिनमध्ये चॉकलेट स्पंज करते, त्याचे तीन थर कापते आणि पाच इंचापर्यंत उंची आणते. वर पांढरं व्हिपिंग क्रीम, नॉन-डेअरी. क्रम्ब कोट करते, वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवते, मग दुसरा कोट. तरीही तीन गोष्टी होतातच. एक, कडेला तपकिरी ठिपके दिसतात. दोन, केक खाली रुंद आणि वर निमुळता दिसतो, मग वरच्या बाजूला क्रीम थापून सरळ करावा लागतो. आणि तीन, रात्री छान दिसणाऱ्या केकच्या पोटावर सकाळी फुगवटा आलेला असतो.

टर्नटेबल, स्क्रेपर, पॅलेट नाईफ सगळं आहे. चुकतंय कुठे?

ठाणेकर_निलेश

तुझा स्क्रेपर कोणता आहे? ते चार इंची प्लास्टिकचं कार्ड असेल तर आधी ते बाजूला ठेव. पाच इंची केकला निदान सात-आठ इंची स्टीलचा स्क्रेपर लागतो. आखूड स्क्रेपरने खालचा भाग एकदा आणि वरचा भाग एकदा असं ओढावं लागतं, आणि दोन ओढींच्या मध्ये रेघ राहतेच.

शिवाय स्क्रेपर स्वतः काटकोनात आहे का ते बघ. मुलांच्या कंपासमधला गुण्या टर्नटेबलवर उभा कर आणि स्क्रेपर त्याला चिकटवून धर. मध्ये फट दिसली तर स्क्रेपरची खालची कड तिरकी कापलेली आहे. माझ्या पहिल्या स्क्रेपरची तशीच होती. सरळ स्क्रेपर घेतलास की कडा सरळ येतील, त्यात फार काही शास्त्र नाही.

कुंदाकाकू

अगं, केक मध्ये फुगतो कारण आच जास्त होते. मी कुकरमध्ये करते तेव्हा खाली जुना तवा ठेवते आणि मंद गॅसवर पाऊण तास. आणि बेकिंग पावडर जुनी असेल तर बसतो. झाकण सारखं उघडून बघू नये.

मृण्मयी_डोंबिवली

काकू, स्पंज नीट फुगतो हो, ते क्रीम लावल्यानंतरच्या फुगवट्याबद्दल विचारत होते :)

निलेशदादा, स्क्रेपर स्टीलचा आहे, आठ इंची. गुण्या लावून बघते.

शुभदा_नाशिक

मृण्मयी, निलेश म्हणतो ते तपासच, पण तुझं दुखणं मला स्क्रेपरच्या आधीचं वाटतंय. स्क्रेपर फक्त बाहेरचं क्रीम सरळ करतो. आत स्पंज तिरका असेल तर क्रीम एका जागी पातळ आणि दुसऱ्या जागी जाड बसतं. जिथे पातळ, तिथे चुरा वर येतो. जिथे जाड, तिथे ते स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. म्हणजे तुझ्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच असू शकतं.

एक काम कर. टिनचं तोंड आणि टिनचं बूड, दोन्ही आतून टेपने मोजून इथे लिही. आणि केक रचताना टिनचं बूड वर येतं की खाली, तेही सांग.

मृण्मयी_डोंबिवली

आत्ताच मोजलं. तोंड साडेपंधरा सेंमी, बूड १४.७. दुकानदाराने ६ इंची म्हणूनच दिला होता, स्थानिक बाजारातला अ‍ॅल्युमिनियमचा आहे, चार इंच उंच.

केक मी उलटा करते, कारण बुडाची बाजू सपाट असते. म्हणजे बूड वर.

आणि गुण्या लावला, स्क्रेपर काटकोनात आहे.

शुभदा_नाशिक

मग झालं की निदान. तोंड आणि बूड यांत आठ मिलिमीटरचा फरक, म्हणजे प्रत्येक बाजूला चार. उलटा केल्यावर रुंद भाग खाली आणि अरुंद भाग वर. तुझा केक निमुळता दिसतो कारण तो निमुळता आहेच. तू वर चार मिलिमीटर जास्त क्रीम भरून ते झाकतेस. आपल्याकडे मिळणारे बरेच टिन असे उतरते असतात, एकात एक बसावेत आणि केक सहज सुटावा म्हणून. कपकेकसारख्या छोट्या केकला काही फरक पडत नाही, उंच केकला पडतो.

उपाय दोन. सरळ भिंतीचा टिन घे, किंवा आहे त्याच स्पंजच्या कडा कापून घे. कापण्याची रीत सांगते.

स्पंज आदल्या दिवशी कर. पूर्ण गार झाला की क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. ताजा, कोमट स्पंज सुरीखाली भुग्यासारखा सुटतो. गार स्पंज घट्ट असतो आणि स्वच्छ कापला जातो. ठिपक्यांचं अर्धं काम इथेच होतं.

आधी वरचा घुमट काढायचा. दातेरी लांब सुरी, आणि सुरी जागेवर धरून टर्नटेबल फिरवायचं. पहिल्या फेरीत एकदम आरपार जायचं नाही, सगळीकडून सेंटिमीटरभर खाच पाडायची. खाच जिथून सुरू केली तिथेच येऊन मिळाली तर सुरी आडवी आहे. नाही मिळाली तर सुरी वरखाली होते आहे, तिथे थांबून दुरुस्त करता येतं. मग त्या खाचेच्या आधाराने आत जायचं. डोळे केकच्या पातळीला आण, वरून बघून कापलं की सुरी हमखास खाली झुकते.

थर कापण्याआधी बाजूला उभी एक क्रीमची रेघ ओढून ठेव. रचताना तिन्ही थरांवरची रेघ एका ओळीत आणायची. समजा कापताना थर एका बाजूला थोडा जाड झालाच, तर रेघ जुळवल्यावर त्याची उणीव शेजारचा थर भरून काढतो, कारण तो तसाच उलट कापला गेलेला असतो. रेघ नसेल तर दोन जाड बाजू एकावर एक येतात आणि केक कलतो.

आता कडा. जाड पुठ्ठ्याची साडेचौदा सेंटिमीटरची चकती काप, तुझ्या बुडापेक्षा किंचित लहान. प्रत्येक थरावर ती ठेवून बाहेर येणारा भाग सुरी उभी धरून कापून टाक. तिन्ही थर एकाच मापाचे होतात. मग मऊ ब्रशने कडांवरचा सुटा चुरा झाडायचा. हे काम लोक विसरतात.

गौरी_कोल्हापूर

मी दोऱ्याने कापते. सुरीने सगळीकडून खाच पाडायची, त्यात मजबूत दोरा बसवायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांवरून ओढायची. सपाट कापला जातो. सुरीला हात न बसलेल्यांना हे सोपं जाईल.

शुभदा_नाशिक

गौरी, व्हॅनिला स्पंजला चालतं. आत अक्रोड किंवा चॉकोचिप्स असतील तर दोरा त्यांना ओढत नेतो आणि थर फाटतो.

आरती_न्यूजर्सी

मृण्मयी, मी इथे बटरक्रीमचेच केक करते. क्रम्ब कोट फ्रिजमध्ये अर्धा तास, बोटाला चिकटेनासा झाला की दुसरा कोट, आणि शेवटी स्क्रेपर गरम पाण्यात बुडवून, पुसून एक फेरी. संगमरवरासारखा येतो. तू स्क्रेपर गरम करून बघ, तुझे सगळे प्रश्न सुटतील.

शुभदा_नाशिक

आरती, बटरक्रीमला हे अगदी बरोबर. लोणी गार झालं की कडक होतं, म्हणून क्रम्ब कोट खरोखर घट्ट बसतो, आणि गरम स्क्रेपर वरचं लोणी जेमतेम वितळवून गुळगुळीत करतो. व्हिपिंग क्रीमचा कारभार वेगळा आहे. ते गार होऊन थोडं दाटतं, पण बटरसारखं कडक होत नाही. मृण्मयी वीस मिनिटांनी दुसरा कोट लावते तेव्हा खालचा थर अजून मऊच असतो. वर पॅलेट नाईफ दाबली की तो सरकतो आणि चुरा घेऊन वर येतो. आणि गरम स्क्रेपर फिरवला तर त्यातली हवा बसते, जिथे जास्त ऊब लागली तिथे चकाकणारा ओला डाग राहतो. नुसत्या नळाच्या पाण्यात बुडवून नीट झटकलेला स्क्रेपर पुरतो.

मृण्मयी, क्रम्ब कोटनंतर तू तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेव. घाई असेल तर दहा मिनिटं फ्रीजरमध्ये, त्याहून जास्त नाही. डोंबिवलीच्या दमट हवेत फार गोठलेला केक बाहेर काढलास की त्यावर दव धरतं आणि दुसरा कोट त्या पाण्यावरून घसरतो.

बेकरीतला_संज्या

सांगलीत आमची बेकरी आहे, वडिलांच्या काळापासून. खरं सांगू का, आमचा कारागीर क्रम्ब कोट करतच नाही. दिवसाला एवढे केक असतात, कोण फ्रिजमध्ये ठेवत बसणार? तो केकवर एकदम भरपूर क्रीम ओततो आणि पॅलेट नाईफ स्पंजला टेकूच देत नाही. सुरी कायम क्रीमवर. कडेला जाड क्रीम थापतो आणि मग स्क्रेपरने जास्तीचं काढून घेतो. चुरा वर येईलच कसा?

घरी करणारे लोक क्रीम कंजुसीने लावतात आणि मग सुरी स्पंजवर घासते, असं माझं मत आहे.

ठाणेकर_निलेश

संजू, मुद्दा पटतो. पण म्हणूनच बेकरीच्या केकवर बोटभर क्रीम असतं आणि अर्धं ताटात राहतं.

बेकरीतला_संज्या

गिऱ्हाईक ताटात ठेवतं हे खरं आहे, पण मागतानाही "क्रीम जरा जास्त" असंच मागतं :D

शुभदा_नाशिक

संजय, तुमच्या कारागिराचा हात बसलेला आहे आणि तुमचा बहुधा व्हॅनिला स्पंज आणि पांढरं क्रीम. चुरा आला तरी दिसत नाही. काळ्या स्पंजवर पांढरं क्रीम असेल तर मी क्रम्ब कोट टाळणार नाही. पण सुरी स्पंजला टेकवायची नाही हे सोळा आणे खरं. दुसऱ्या कोटमध्ये मीही तेच शिकवते.

मृण्मयी_डोंबिवली

बापरे, एवढं सगळं! शुभदाताई, क्रीमचं प्रमाण सांगाल का? आणि पातळ म्हणजे किती पातळ? माझा क्रम्ब कोट बहुतेक जाड होतो.

शुभदा_नाशिक

तुझ्या मापाला साधारण ४०० ग्रॅम न फेटलेलं क्रीम धर. दोन थरांमध्ये मिळून १५० गेलं, क्रम्ब कोटला ८० पुरतं, उरलेलं शेवटच्या कोटला, आणि त्यातलं बरंच तू स्क्रेपरने काढूनही घेशील. क्रम्ब कोट एवढा पातळ की त्यातून स्पंज दिसला पाहिजे. पांढरा नाही, मातकट दिसतो, आणि तसाच दिसायला हवा. त्याचं काम चुरा धरून ठेवणं आणि थरांमधल्या फटी बुजवणं, बास. भिंतीला रंगाआधी लांबी भरतात ना, तेवढंच.

दोन भांडी ठेव. क्रम्ब कोटचं क्रीम आधीच एका वाटीत वेगळं काढ, आणि पॅलेट नाईफ पुसायची ती त्याच वाटीच्या कडेला. चुरा लागलेली सुरी एकदा जरी मोठ्या भांड्यात गेली तरी शेवटच्या कोटमध्ये ठिपके येणार. तुझ्या तपकिरी ठिपक्यांबद्दल मला हाच दुसरा संशय आहे. क्रम्ब कोटमधलं उरलेलं क्रीम टाकू नकोस, कापलेल्या कडा आणि ते मिळून ग्लासमध्ये छान डेझर्ट होतं.

आणखी एक, दोन्ही कोटचं क्रीम सारखं फेटू नकोस. थरांमधलं घट्ट, सुरी उचलली तर टोक ताठ उभं राहील असं. कडेला लावायचं त्याआधीच थांबवलेलं, टोक किंचित वळणारं. कारण लावताना सुरीच्या फेऱ्यांनी ते आणखी फेटलं जातं. आधीच ताठ केलेलं क्रीम कडेवर जाळीदार होतं, स्क्रेपर फिरवलास की बारीक खळगे पडतात आणि कितीही फिरवलं तरी जात नाहीत. असं झालं तर त्यात चमचा-दोन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून स्पॅट्युलाने हलक्या हाताने ढवळ, मशीन लावू नकोस. पुन्हा रेशमी होतं.

गौरी_कोल्हापूर

तिसऱ्या तक्रारीचं काय? मला पण तेच होतं. मागच्या आठवड्यात अननसाचा केक केला, ताजा अननस घातला होता, आणि सकाळी कमरेला चक्क टायर. गिऱ्हाईक म्हणालं छान आहे, पण मलाच बघवेना.

शुभदा_नाशिक

टायर कुठे आहे ते बघायचं. फळाच्या थराच्या रेषेत सगळीकडून गोल टायर असेल तर आतलं सारण बाहेर ढकललं गेलंय. एकाच जागी बुडबुड्यासारखा फुगा असेल तर आत हवा अडकली आहे, बारीक टाचणीने टोचून बोटाने दाब, मग वर थोडं क्रीम. आणि सगळा केकच एका बाजूला झुकला असेल तर थर जाड-पातळ आहेत.

गौरी, तुझा पहिला प्रकार. अननसाला पाणी सुटतं. बारीक तुकडे साखरेत शिजवून, पूर्ण गार करून, गाळणीत निथळून घालायचे. आणि थराच्या कडेने घट्ट क्रीमचं कडं पायपिंग बॅगने घालायचं, फळ त्याच्या आत. कडं काठापासून अर्धा सेंटिमीटर आत असू दे, वरचा थर बसला की ते पसरून काठापर्यंत येतं.

मृण्मयी, तुझ्याकडे फळ नाही, मग तुझ्या केकचं कारण बहुधा वेगळं. तू थर रचल्या रचल्या क्रम्ब कोट करतेस का?

मृण्मयी_डोंबिवली

हो, लगेच. आणि साखरपाणी पण बऱ्यापैकी लावते, स्पंज कोरडा लागू नये म्हणून.

शुभदा_नाशिक

तेच. ओला स्पंज स्वतःच्या वजनाने रात्रभरात बसतो. उंची थोडी कमी होते, मधलं क्रीम बाहेर येतं, आणि तू त्याआधीच कडा सरळ करून ठेवलेल्या असतात. त्याला बसायचंय ते आधी बसू दे. रचून झाला की क्लिंग फिल्म गुंडाळ, वर पुठ्ठा आणि त्यावर स्टीलचं हलकं ताट ठेव, तासभर फ्रिजमध्ये. त्यात जे क्रीम बाहेर येईल ते काढून टाक, मग क्रम्ब कोट. साखरपाणी ब्रशने, आणि काठापासून आत. काठ ओला झाला की क्रीम त्याला धरत नाही.

ठाणेकर_निलेश

एक प्रश्न राहिला. वरची धार. बाजू सरळ केल्या की वर क्रीमची मुंडेर उभी राहते, ती आत ओढताना माझ्या कडेला प्रत्येक वेळी खड्डा पडतो.

आरती_न्यूजर्सी

निलेश, सुरी बाहेरून मध्याकडे, एका ओढीत, आणि उचलायची मध्यावर. प्रत्येक ओढीनंतर पुसायची. बाजूने दाबायचं नाही. मी बटरक्रीमला आधी थोडं गार करून मग ओढते, तुमच्या क्रीमला कितपत जमेल ते सांगता येत नाही.

शुभदा_नाशिक

व्हिपिंग क्रीमला गार न करता लगेच ओढलेलं बरं. गार झालं की मुंडेर तुकड्यांत तुटते. सुरी जवळजवळ आडवी ठेव, समोरची कड किंचित उचललेली. तुला खड्डा पडतो कारण सुरी उभी धरत असशील.

मृण्मयी_डोंबिवली

अपडेट. शनिवारी केक होता. पुठ्ठ्याच्या चकतीने कडा कापल्या, तासभर वजन ठेवलं, दोन भांडी वापरली. निमुळतेपणा गेला. ठिपके एकाच जागी आले, खाली बोर्डजवळ, तिथे बहुतेक सुरी टेकली. सकाळी टायर नव्हता.

पण नवीन भानगड. स्क्रेपर फिरवताना खालच्या अर्ध्या इंचात बारीक लाटा येतात, वर नाही.

ठाणेकर_निलेश

टर्नटेबलला झोक आहे का? बोट एका जागी धरून फिरव, कड बोटाला सगळीकडे सारखी लागते का बघ.

शुभदा_नाशिक

किंवा बोर्ड पातळ असेल. पातळ सोनेरी पुठ्ठा पाच इंची केकच्या वजनाने आणि क्रीमच्या ओलीने वाकतो, स्क्रेपर त्यावर टेकवला की वरखाली होतो. स्क्रेपर बोर्डवर टेकवतेस की टर्नटेबलवर?

मृण्मयी_डोंबिवली

बोर्डवर, बोर्ड आठ इंची आहे. पुठ्ठा खरंच पातळ आहे, हाताने सहज वाकतो. टर्नटेबल बघते.

बेकरीतला_संज्या

जाड एमडीएफचा घे. आणि बोर्डखाली ओलं फडकं, नाहीतर तोच फिरतो.

कुंदाकाकू

मृण्मयी, त्या कापलेल्या कडांचं ग्लासातलं कसं करायचं ते लिही ना. नातवंडं येणार आहेत.